सॉफ्टवेअरच्या सबस्क्रिप्शनवर जीएसटी क्रेडिट घ्यायचंय? आधी बिल उघडून बघा

कुडाळजवळच्या एका काजू कारखानदाराने दोन वर्षांपूर्वी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्षाचे १८,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,२४० रुपये. एकूण २१,२४० रुपये कंपनीच्या खात्यातून गेले. सॉफ्टवेअर चांगलं निघालं, बायका काजूगर निवडून टेबलावरून उठायच्या आत ग्रेडप्रमाणे स्टॉक चढायला लागला. पण रिटर्न भरताना मी ते ३,२४० रुपये, विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करायचं क्रेडिट म्हणून, शोधायला लागलो तर कुठेच नाहीत. खातं उघडलं होतं भाच्याने, त्याच्या खासगी ईमेलवरून. बिलावर नाव भाच्याचं, पत्ता त्याच्या घरचा, आणि जीएसटी नंबराची जागा रिकामी. मामा वैतागले. "मी टॅक्स भरलंय मां, मगे क्रेडिट कित्याक गावणा नाय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की टॅक्स भरला याचा पुरावा म्हणजे बँकेची एंट्री नव्हे. कायद्याला बिल लागतं, तेही ठरावीक तपशील असलेलं. आणि हे तपशील वर्षअखेरीला सीएकडे फाइल देताना ठरत नाहीत, खातं उघडून पहिल्यांदा पैसे भरता त्याच मिनिटाला ठरतात.

त्याआधी: तुम्हाला क्रेडिट मिळतं तरी का?

कोकणात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट नाही. पाच टक्क्यांचं खानावळ-रेस्टॉरंट असेल तरी नाही. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्या देणारं हॉटेल किंवा होमस्टे असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या खोल्यांवर ५ टक्के दर आला खरा, पण तो क्रेडिटशिवाय. म्हणजे मालवण-तारकर्लीच्या त्या होमस्टेवाल्याने बुकिंगच्या सॉफ्टवेअरवर दिलेला टॅक्स हा त्याचा खर्चच. आंबेवाल्यांचं अर्धंमुर्धं असतं: ताजा हापूस करमुक्त, पल्पवर कर. दोन्हींचा हिशेब एकाच सॉफ्टवेअरमध्ये ठेवत असाल तर क्रेडिट उलाढालीच्या प्रमाणातच मिळतं, ताज्या आंब्याच्या वाट्याचं सोडावं लागतं.

काजूगर विकणारा कारखाना, वर्कशॉप, इंजिनांचे सुटे भाग विकणारं दुकान, आर्किटेक्टचं ऑफिस, यांना हा अडसर नाही. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

पावती आणि बिल यांत गल्लत करू नका

पैसे भरले की लगेच एक ईमेल येतो. त्यात हिरवी टिक असते, रक्कम असते, `Payment Receipt` असं काहीतरी लिहिलेलं असतं. नव्वद टक्के लोक हाच कागद छापून फाइलला लावतात. त्याला क्रेडिटच्या दृष्टीने किंमत शून्य. प्रोफॉर्मा इनव्हॉइसचंही तेच, तो पैसे मागण्याचा कागद.

खरा कागद म्हणजे टॅक्स इनव्हॉइस. तो बहुधा ईमेलला जोडलेला नसतो. सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन करून `Billing` किंवा `Invoices` या भागातून उतरवून घ्यावा लागतो. ओळखायची एक सोपी खूण सांगतो, नंबर बघा. टॅक्स इनव्हॉइसचा नंबर ओळीने चालणारा आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो. वीस-पंचवीस अक्षरांची मिसळ दिसली, तर तो पेमेंटचा किंवा ऑर्डरचा क्रमांक आहे, बिलाचा नाही.

बिलावर नक्की काय हवं

जीएसटी नियमांतल्या नियम ४६ मध्ये बिलावरच्या तपशिलांची लांबलचक यादी आहे. ती पाठ करण्याची गरज नाही. क्रेडिट घेणाऱ्यासाठी खरी कामाची गोष्ट नियम ३६ च्या पोटनियम २ मध्ये आहे. तिथे आधी म्हटलंय की सगळे तपशील हवेत, आणि लगेच खाली सूट दिलीय: सगळे नसले तरी चालेल, पण इतके असायलाच हवेत. विकणाऱ्याचा जीएसटी नंबर आणि घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. काय विकलं त्याचं वर्णन. एकूण किंमत. टॅक्सची रक्कम. आणि दुसऱ्या राज्यातून घेतलं असेल तर प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे पुरवठा ज्या राज्यात झाला असं कायदा धरतो ते राज्य. ही सहा म्हणजे बिलाचा कणा. पिनकोड चुकला, सहीची जागा रिकामी राहिली, तरी बिल मरत नाही. यांतलं एक जरी नसलं तरी मरतं.

मी पोराबाळांना शिकवतो तेव्हा बिल वरून खाली न वाचता या क्रमाने वाचायला सांगतो.

पहिली नजर तुमच्या जीएसटी नंबरावर. पंधरा अक्षरं, महाराष्ट्रातली नोंदणी असेल तर सुरुवात 27 ने. एकेक अक्षर नोंदणीच्या दाखल्याशी ताडून बघा. नाव थोडं इकडेतिकडे झालं, दुकानाच्या पाटीवरचं नाव आलं आणि दाखल्यावरचं आलं नाही, तर निभावतं. नंबर चुकला तर निभावत नाही, कारण पोर्टल नावाला ओळखत नाही, नंबराला ओळखतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर तुमचं क्रेडिट भलत्याच कुणाच्या खात्यात दिसेल, नाहीतर कुठेच दिसणार नाही.

मग विकणाऱ्याचा नंबर. तो जीएसटीच्या पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. नाव जुळतंय का आणि नोंदणी `Active` आहे का, दोनच गोष्टी बघायच्या. या नंबराचे पहिले दोन आकडे डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

मग वर्णन. "सेवा शुल्क" एवढंच लिहिलं असेल तर मी बदलून मागतो. सॉफ्टवेअरचं नाव, प्लॅन आणि कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे हवं. बाजूला सेवेचा प्रकार सांगणारा एसएसी कोड असतो. सॉफ्टवेअर वापरण्याच्या परवान्याला बहुधा 997331 लावलेला दिसतो, सर्व्हरची जागा भाड्याने घेतली असेल तर 998315. कोड वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. दर १८ टक्केच आहे का आणि आकडेमोड जुळते का, ते जास्त महत्त्वाचं.

शेवटी क्यूआर कोड. ज्या कंपनीची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे तिला १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलाचं ई-इनव्हॉइस काढावं लागतं. त्यावर ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर कोड येतो. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बिलावर तो नसेल, तर बिल वैध मानलं जात नाही. पण माझ्या अनुभवात क्यूआर नसण्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं: कंपनीने तुम्हाला व्यापारी म्हणून नाही, साधा ग्राहक म्हणून बिल दिलेलं असतं. म्हणजे गाडी परत तुमच्या नंबराच्या रिकाम्या जागेवर येते.

म्हापशाचं सॉफ्टवेअर आणि प्लेस ऑफ सप्लाय

हा मुद्दा सिंधुदुर्गातल्या लोकांनी नीट समजून घ्यावा. आपल्याला म्हापसा, पणजी जवळ. मुंबई रात्रभराच्या गाडीवर. त्यामुळे दुकानातलं सॉफ्टवेअर पुष्कळदा गोव्याच्या माणसाकडून घेतलं जातं.

जीएसटीला अंतर कळत नाही, राज्य कळतं. मुंबईच्या कंपनीचा नंबर 27 ने सुरू होतो, तुमचाही 27, म्हणून बिलावर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी. गोव्याच्या माणसाचा नंबर 30 ने सुरू होतो, म्हणून त्याने १८ टक्के आयजीएसटी लावायचा. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला सेवा दिली तर प्लेस ऑफ सप्लाय घेणाऱ्याचं राज्य असतं, आणि बिलावर तसं लिहिलेलं हवं: महाराष्ट्र, 27.

सावंतवाडीच्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराने म्हापशाहून असं सॉफ्टवेअर घेतलं. १२,००० रुपये, टॅक्स २,१६०. विकणाऱ्याने सवयीप्रमाणे गोव्याचं बिल काढलं: सीजीएसटी १,०८०, एसजीएसटी १,०८०, प्लेस ऑफ सप्लाय गोवा. दुकानदाराचा नंबर मात्र अगदी बरोबर. बेरीज तीच, १४,१६०. दुकानदाराला वाटलं, काय फरक पडतो?

पडला. पुढच्या महिन्यात पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या नंबरावर आलेल्या बिलांचं क्रेडिट दाखवणारं पत्रक, उघडलं तर बिल आलं होतं, पण क्रेडिट मिळणार नाही अशा यादीत. विकणारा आणि प्लेस ऑफ सप्लाय एका राज्यात आणि घेणारा दुसऱ्या राज्यात, असं दिसलं की पोर्टल स्वतःच ते बाजूला काढतं. गोव्याच्या तिजोरीत गेलेला राज्याचा कर महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला वापरता येत नाही. विकणाऱ्याने जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढून आयजीएसटीचं नवं बिल दिलं, तेव्हा ते २,१६० रुपये सुटले. त्याआधी सहा-सात फोन झाले, आणि प्रत्येक फोनला "टॅक्स तेवढाच आहे ना?" हे ऐकावं लागलं.

गोव्यात शाखा असेल तर उलटी काळजी घ्या. गोव्याचा जीएसटी नंबर टाकून घेतलेल्या बिलाचं क्रेडिट गोव्याच्या नोंदणीलाच मिळतं. मालक एक असला तरी कायद्याच्या लेखी ती दोन माणसं आहेत.

बिल बरोबर आलं, आता ते पोर्टलवर आलंय का?

चोख बिल हातात असलं तरी अर्धंच काम झालं. विकणाऱ्याने ते त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, तुमच्या नंबरावर दाखवलं पाहिजे. महिन्याचं जीएसटीआर-१ पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरलं जातं, १४ तारखेला तुमचं २बी तयार होतं, २० तारखेपर्यंत तुमचं टॅक्स भरण्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी. म्हणजे १४ ते २० या सहा दिवसांत बिलांची फाइल आणि २बी शेजारी ठेवून बसायचं. बिल नंबर, तारीख, टॅक्स हे तिन्ही जुळलं की टिक. २बीत नाही, तर त्या महिन्यात क्रेडिट घ्यायचं नाही, कागद कितीही सुंदर असला तरी.

इथे एक फसवी गोष्ट आहे. तुम्ही उशिरा जाऊन सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जीएसटी नंबर भरलात, तर काही ठिकाणी जुनी बिलंही नव्या नंबरासकट उतरायला लागतात. बघून हायसं वाटतं. पण कंपनीने ते बिल तेव्हा ग्राहकाचं म्हणून सरकारला कळवलेलं असतं आणि नवी पीडीएफ काढल्याने ते बदलत नाही. २बी जे सांगतं तेच खरं.

परदेशी सॉफ्टवेअर: काजूवाल्यांना हे आधीच येतं

डिझाइनचं, ईमेलचं किंवा साठवणुकीचं सॉफ्टवेअर पुष्कळदा परदेशी कंपनीचं असतं. आधी बिल कोण देतंय ते बघा. बऱ्याच मोठ्या परदेशी नावांची भारतात कंपनी आहे आणि बिल तीच देते. मग विकणाऱ्याचा नंबर 29, 06 अशा कुठल्यातरी राज्याचा दिसेल, आणि वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू.

बिल खरोखरच परदेशातून येत असेल तर दोन तऱ्हा होतात.

एक, तुम्ही जीएसटी नंबर दिलाय. मग बिलावर टॅक्स शून्य असतो. लोकांना वाटतं, बरं झालं, टॅक्स वाचला. वाचलेला नाही, तो तुमच्याकडे आलाय. शेतकऱ्याकडून टरफलासकट काजू बी विकत घेताना कारखानदार रिव्हर्स चार्जवर स्वतः टॅक्स भरतो ना? तेच इथे. विकणारा आपल्या जाळ्याच्या बाहेर आहे, म्हणून भरणारा घेणारा.

समजा महिन्याला ५० डॉलरचं सबस्क्रिप्शन आहे आणि त्या दिवशीचा दर ८८ रुपये धरला. किंमत ४,४०० रुपये, १८ टक्क्यांनी आयजीएसटी ७९२. आता परदेशी बिल एकटं पुरत नाही, तुम्हाला स्वतःच्याच नावाने सेल्फ इनव्हॉइस काढावं लागतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. त्यावर हे लिहायचं:

```
सेल्फ इनव्हॉइस क्र. SI/25-26/07     तारीख: ...
पुरवठादार: (परदेशी कंपनीचं नाव, पत्ता, देश)
घेणारा: (आपलं नाव, पत्ता, GSTIN 27...)
वर्णन: डिझाइन सॉफ्टवेअर, एक महिना    SAC 997331
किंमत: 50 USD x 88 = 4,400.00
IGST 18%: 792.00
प्लेस ऑफ सप्लाय: महाराष्ट्र (27)
रिव्हर्स चार्ज: होय
```

सोबत परदेशी बिल आणि कार्डाचं स्टेटमेंट टाचून ठेवा. ३बीमध्ये ४,४०० आणि ७९२ हे `3.1(d)` मध्ये दाखवायचे. ते ७९२ रुपये कॅश लेजरमधूनच भरावे लागतात, साठलेल्या क्रेडिटमधून वळते होत नाहीत. भरले की त्याच महिन्यात `4(A)(2)` मध्ये क्रेडिट घ्यायचं. शेतकऱ्याच्या काजूचं क्रेडिट `4(A)(3)` मध्ये जातं, हे `4(A)(2)` मध्ये, एवढाच फरक. आणि हे बिल २बीमध्ये शोधत बसू नका, ते तिथे येतच नाही, कारण परदेशातला पुरवठादार जीएसटीआर-१ भरत नाही.

एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. न भरल्यास वर्षाला १८ टक्के व्याज चढतं, म्हणून. होमस्टेवाल्याची तर आणखी पंचाईत: त्याला भरावं लागतं आणि क्रेडिटही नाही.

दुसरी तऱ्हा वाईट. जीएसटी नंबर दिलाच नाही, तर परदेशी कंपनी तुम्हाला घरगुती ग्राहक समजून बिलातच १८ टक्के आयजीएसटी लावते. तिचा जीएसटी नंबर 99 ने सुरू होणारा असतो. तो आकडा आणि टॅक्सची रक्कम बघून भलेभले सरळ क्रेडिट घेऊन मोकळे होतात. ते टिकत नाही. बिलावर तुमचा नंबर नाही, आणि या कंपन्यांचं रिटर्न वेगळं असतं, त्यातलं काही तुमच्या २बीत उतरत नाही. शिवाय तुम्ही नोंदणी असलेले व्यापारी, त्यामुळे रिव्हर्स चार्जची जबाबदारी तुमचीच राहते, म्हणजे दोनदा टॅक्स. 99 दिसला की त्याच दिवशी सेटिंगमध्ये `Tax ID` च्या जागी आपला नंबर भरा आणि लावलेला टॅक्स परत मागा. पुढची बिलं सुधारतात. मागची सुधारून देणारा माझ्या तरी क्वचितच वाट्याला आलाय.

चुकलेलं बिल दुरुस्त करून घेताना

भारतातल्या कंपनीशी बोलताना "जीएसटी बिल पाठवा" एवढंच म्हटलं तर तीच पीडीएफ परत येते. नेमकं मागा: बिल क्रमांक अमुक, तारीख अमुक, हे ग्राहकाच्या नावे कळवलंय, ते रद्द करून आमच्या या नंबरावर नवं बिल द्या आणि पुढच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवा. सोबत नोंदणीचा दाखला जोडा. मुदतही लिहा. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलंत तर तोपर्यंतच, घेता येतं. विकणाऱ्याला दुरुस्तीलाही साधारण तीच वेस असते, म्हणून नोव्हेंबरात पत्र धाडणं म्हणजे मृग संपल्यावर तरवा टाकणं.

कुडाळच्या मामांचं बिल मार्चचं होतं, आमच्या लक्षात आलं जुलैत. कंपनीने आधी नाही म्हटलं, तिसऱ्या ईमेलनंतर क्रेडिट नोट काढली, आणि सप्टेंबरच्या २बीत ३,२४० रुपये दिसले. भाच्याचं ईमेल काढून कारखान्याचं घातलं. आता नवं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना मामा कार्ड खिशातून काढायच्या आधी विचारतात, "नंबर घातलंस मां?"